जठराचं तोंड ताणण्याचा इतिहास: बोटांपासून फुग्यापर्यंत

सकाळी खाल्लेलं अन्न संध्याकाळी उलटीतून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि त्यात पित्ताचा हिरवट-पिवळा रंग नसतो. असं वारंवार होत असेल, तर जठरातून लहान आतड्यात जाणारी वाट अरुंद झाल्याची शंका येते. जुना अल्सर भरताना पडलेला घट्ट वण हे एक कारण, गाठ हे दुसरं.

1881 मध्ये व्हिएन्नात शल्यचिकित्सक बिलरोथ यांनी या जागेचा कर्करोग जठराच्या भागासकट कापून काढला. रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचली, पण साधारण चार महिन्यांनी रोग परतून दगावली. पुढच्याच वर्षी बोलोन्यात पिएत्रो लोरेता यांनी वेगळी वाट धरली. जठर उघडायचं, आत बोटं घालायची आणि वणाने आवळलेलं जठराचं आतड्याकडचं तोंड ताणायचं. मात्र किती जोर लागतोय हे मोजायची सोय नव्हती, भिंत फाटायची आणि वाट पुन्हा आवळायची. शेवटी तोंड रुंद करणारी किंवा जठर थेट पुढच्या आतड्याला जोडणारी शस्त्रक्रियाच रूढ झाली.

बरोबर शंभर वर्षांनी, 1982 मध्ये, तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून फुगा घालून जठराचं हे तोंड ताणल्याचा अहवाल आला. कल्पना लोरेतांचीच, फक्त आता पोट उघडावं लागत नव्हतं आणि फुग्याची रुंदी आधीच ठरलेली होती.

समजा, बरीच वर्षं अल्सर असलेला रुग्ण अशा उलट्या घेऊन आला. आधी नाकातून नळी घालून जठर रिकामं करतात. नाहीतर साचलेलं अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. उलट्यांतून आम्ल गेल्याने रक्तातलं क्लोराइड आणि पोटॅशियम उतरलेलं असतं, ते सलाइनमधून भरून काढतात. मग दुर्बिणीतून बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी छोटा तुकडा, घेतात. माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, कारण कर्करोगही वणासारखाच दिसू शकतो. एक नमुना निर्दोष आला म्हणून शंका सोडायची नसते.

वणच असल्याची खात्री झाली, की मिटलेला फुगा अरुंद जागेत सरकवून त्यात पाणी भरतात आणि साधारण मिनिटभर तसाच ठेवतात. सुरुवात 10-12 मिलिमीटरने होते आणि काही आठवड्यांच्या अंतराने 15 पर्यंत जातात. त्यापुढे भिंत फाटण्याचा धोका वाढतो. नंतर पोटात तीव्र, न थांबणारी कळ आली, तर घरी थांबू नये. छिद्र पडलं असेल तर तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते.

लोरेतांच्या काळी ताणलेली वाट पुन्हा आवळायची, कारण अल्सर तसाच राहायचा. 1982 मध्येच ऑस्ट्रेलियातले डॉक्टर वॉरन आणि मार्शल यांना जठरातला, अल्सर घडवणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू प्रयोगशाळेत वाढवता आला. त्या दशकाच्या अखेरीस जठरातलं आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल हे औषध आलं. आज फुग्याचा टिकाऊ फायदा बराचसा त्यावर ठरतो, की जीवाणू गेला का, आम्ल आटोक्यात आहे का आणि अल्सर घडवू शकणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थांबल्या का. अनेकदा ताणूनही उलट्या परतल्या, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

गाठीने वाट अडली असेल, तर फुग्याचा उपयोग तात्पुरताच, कारण गाठ वाढतच राहते. तिथे गाठ काढता येते का हे आधी पाहतात. येत नसेल, तर जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात किंवा जठर पुढच्या आतड्याला जोडतात.