कोनमापकाने मोजलेलं गुरुत्वाकर्षण

माझी भाची नाशिकला अकरावी सायन्सला आहे. रविवारी ती जर्नल घेऊन आली. साध्या दोलकाचा प्रयोग, आलेख पट्टीने आखलेला, रेषा सुरेख सरळ. आणि खाली उत्तर : g = 19.6 m/s². गुरुत्वत्वरण g साधारण 9.8 यायला हवा होता, हा तर बरोबर दुप्पट! "मामा, वाचनं सगळी बरोबर आहेत, मी दोनदा तपासली. मग हे असं का आलं?" तिची वाचनं खरोखरच बरोबर होती. चूक आलेखात होती, आणि ती इतकी मोलाची चूक आहे की तिच्यावरच लिहावंसं वाटलं.

तिचा तक्ता असा होता. दोलकाची लांबी L मीटरमध्ये 0.60, 0.70, 0.80, 0.90, 1.00, 1.10, आणि दोलनकाळाचा वर्ग T² अनुक्रमे 2.40, 2.85, 3.20, 3.64, 4.00, 4.45. लांबी आपण ठरवतो म्हणून ती क्ष-अक्षावर, आणि तिच्यामुळे जे बदलतं ते य-अक्षावर. नुसता T घेतला तर रेषा वाकडी येते. वाकड्या रेषेवरून काही मोजणं अवघड, म्हणून T चा वर्ग घ्यायचा. मग सूत्र T² = (4π²/g) × L असं सरळ रेषेचं होतं, आणि रेषेचा चढ म्हणजे 4π²/g.

भाचीने हा चढ काढायला कंपासपेटीतला कोनमापक लावला. कोन आला साधारण साडेत्रेसष्ट अंश, त्याचा टॅन आला 2.01. मग 4π² म्हणजे 39.48, ते भागिले 2.01, म्हणजे 19.6. गणिताच्या तासाला "चढ म्हणजे टॅन थीटा" असं शिकवतात, ते बरोबरच आहे. पण तिथे दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं असतं. इथे क्ष-अक्षावर 1 सेमी म्हणजे 0.1 मीटर, तर य-अक्षावर 1 सेमी म्हणजे 0.2 सेकंद². कागदावरचा कोन हा कागदाचा कोन आहे, दोलकाचा नाही. क्ष-अक्षावर 1 सेमी म्हणजे 0.05 मीटर घेतलं असतं, तर तीच रेषा जवळजवळ 45 अंशांवर पडली असती आणि g चौपट आला असता. पृथ्वीचं आकर्षण आपल्या प्रमाणाच्या निवडीवर कसं बदलेल? म्हणून चढ काढताना अक्षांवरचे आकडे वाचायचे, सेंटीमीटर किंवा अंश नाही. त्या आकड्यांबरोबर एककं येतात, आणि चढाचं एकक s²/m लिहिलं की अशी चूक आपोआप पकडली जाते, कारण टॅनला एककच नसतं.

आता मुळाशी जाऊ : प्रमाण निवडायचं कसं? आपल्या आलेख कागदावर आडवे साधारण 18 आणि उभे 24 मोठे चौकोन असतात, आणि प्रत्येक सेंटीमीटरचे दहा बारीक भाग. भाचीच्या मैत्रिणीने कागद पूर्ण भरावा म्हणून क्ष-अक्ष 0.60 पासून सुरू केला आणि 1 सेमी म्हणजे 0.03 मीटर घेतलं. कागद छान भरला. पण 0.70 हा बिंदू कुठे येणार? साडेतेहेतीसही नाही, तर सव्वातेहेतीसच्या किंचित पुढे, तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश बारीक घरांवर. तिने तो अंदाजाने टाकला, पुढचेही तसेच. म्हणून 1, 2, 5 किंवा त्यांची दहापट, शंभरपट, नाहीतर दहावा, शंभरावा भाग असंच प्रमाण घ्यायचं. मग एका बारीक घराची किंमत तोंडी सांगता येते. 3, 6, 7 ही प्रमाणं टाळलेलीच बरी.

दुसरी कसोटी मला जास्त आवडते. स्टॉपवॉच दाबताना बोटाला थोडा उशीर होतोच. 20 दोलनांच्या वेळेत 0.2 सेकंदांची चूक धरली, तर एका दोलनात 0.01 सेकंद, आणि T² मध्ये सुमारे 0.04 सेकंद². भाचीच्या प्रमाणात एक बारीक घर 0.02 चं, म्हणजे ही चूक दोन घरांएवढी दिसते. बिंदू रेषेच्या थोडे वर-खाली पडतात, आणि कोणता बिंदू फारच लांब गेलाय तेही कळतं. तेच 1 सेमी म्हणजे 1 सेकंद² घेतलं तर 0.04 हे अर्ध्या घराहून कमी, पेन्सिलीच्या टोकाखाली लपणार. आलेख एका कोपऱ्यात आक्रसतो आणि वाचनांतला फरकच पुसला जातो. म्हणून बिंदूंनी निम्म्याहून जास्त कागद व्यापावा असं परीक्षक सांगतात.

याची उलटी करामत व्हॉट्सॲपवर रोज दिसते. समजा, गंगापूर धरणाचा साठा गेल्या वर्षी 82 टक्के होता आणि यंदा 78. य-अक्ष 75 पासून सुरू केला की यंदाचा खांब गेल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी उंच दिसतो, आणि "पाणीसंकट" म्हणून ते चित्र फिरतं. असा आलेख पुढे पाठवण्याआधी अक्षावरचा पहिला आकडा वाचावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. प्रयोगात अक्ष शून्यापासून न घेणं हा गुन्हा नाही. मात्र तसं केलं तर आकडे स्पष्ट लिहायचे, आणि त्या कोपऱ्याला आरंभबिंदू समजायचं नाही.

पुन्हा चढाकडे. भाचीला मी तक्त्यातले शेजारचे दोन बिंदू घेऊन पाहायला सांगितलं. 0.80 आणि 0.90 वरून चढ 4.4 आला, म्हणजे g झाला 8.97. 0.90 आणि 1.00 वरून चढ 3.6, म्हणजे g झाला 10.97. एकच तक्ता आणि दोन ग्रह! बिंदू जवळ असले की त्यांच्यातली लहानशी चूक मोठी होऊन बसते. बिंदू ठिपक्याला ठिपका जोडत नागमोडी रेषा काढण्यात हाच दोष असतो, आणि तिथेही गुण जातात. रेषा अशी काढायची की बिंदू तिच्या दोन्ही बाजूंना सारखे विभागले जातील. मग रेषेवरच, तक्त्यात नसलेले आणि एकमेकांपासून लांबचे दोन बिंदू घ्यायचे. तिने (0.20, 0.80) आणि (1.10, 4.43) घेतले. 3.63 भागिले 0.90 म्हणजे 4.03 s²/m, आणि g आला 9.79. नाशिकचा अक्षांश 20 अंश आणि उंची सुमारे 600 मीटर धरली तर हिशेबाने 9.78 यायला हवा.

मग दोन्ही अक्षांवर राशी आणि एकक, वर शीर्षक, उजव्या कोपऱ्यात प्रमाण. हे लिहायला दोन मिनिटं लागली.

मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी सोप्या प्रमाणात, शून्यापासून आलेख काढला. तिची रेषा आरंभबिंदूतून गेलीच नाही, य-अक्षाला चार बारीक घरं वर छेदून गेली. ती पट्टी सरकवून ओढूनताणून शून्यातून न्यायला निघाली होती, मी थांबवलं. चार घरं म्हणजे 0.08 सेकंद², आणि तेवढा T² दोन सेंटीमीटर लांबीचा असतो. तिला विचारलं, दोरा कुठपर्यंत मोजलास? गाठीपर्यंत. गोळ्याचा हूक एक सेंटीमीटरचा आणि त्रिज्या एक सेंटीमीटर. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते, ती प्रत्येक वेळी तेवढीच कमी धरली गेली. सूत्रात तिच्या तक्त्यातल्या पहिल्याच ओळीचे आकडे घालून g काढला असता तर 9.48 आला असता. आलेखात मात्र अख्खी रेषा थोडी वर सरकली, चढ तसाच राहिला, आणि तिचाही g 9.8 च्या जवळ आला.