पार्श्वभूमी : छायाचित्रातील स्थळ-काळाच्या नोंदी आणि त्या नाहीशा होण्याचा इतिहास

डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रतिमेसोबत तिची माहितीही त्याच फाइलमध्ये साठवण्याची एक्झिफ ही पद्धत जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या जेईडा या संघटनेने 1995 मध्ये प्रसिद्ध केली. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे, संगणक आणि छपाईयंत्रे यांना एकमेकांची फाइल नीट वाचता यावी, एवढाच तिचा हेतू होता. जेपेग फाइलच्या सुरुवातीलाच, जास्तीत जास्त 64 किलोबाइटच्या एका खंडात, या नोंदी बसतात. चित्राच्या बिंदूंशी त्यांचा काहीही संबंध नसल्यामुळे हा खंड काढून टाकला तरी ते बिंदू जसेच्या तसे राहतात, आणि पुढे घडलेल्या बहुतेक गोष्टींचे मूळ या रचनेतच आहे.

अक्षांश-रेखांशांसाठी या पद्धतीत नव्वदीच्या दशकातच जागा ठेवलेली होती, परंतु कॅमेऱ्यात जीपीएस क्वचितच असल्याने ती बहुधा रिकामी राहत असे. जीपीएस असलेले स्मार्टफोन 2008 च्या सुमारास सर्वसामान्यांच्या हाती येऊ लागले, तेव्हा ती जागा आपोआप भरू लागली आणि फोटो काढणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे.

त्याचा परिणाम डिसेंबर 2012 मध्ये जगाला दिसला. संगणक-सुरक्षा क्षेत्रातील उद्योजक जॉन मॅकॅफी हे बेलीझमधील एका हत्येच्या चौकशीसाठी तेथील पोलिसांना हवे होते आणि अज्ञात ठिकाणी लपले होते. त्यांच्यासोबत असलेल्या ‘व्हाइस’च्या पत्रकारांनी त्यांचा आयफोनवर काढलेला फोटो संकेतस्थळावर टाकला. मूळ फाइल तशीच चढवली गेल्यामुळे वाचकांना तीत 15 अंश 39 मिनिटे 29.4 सेकंद उत्तर आणि 88 अंश 59 मिनिटे 31.8 सेकंद पश्चिम ही नोंद सापडली. मिनिटांना 60 ने आणि सेकंदांना 3600 ने भागून अंशांत मिळवले की 15.658 आणि उणे 88.992 हे आकडे मिळतात. हे ठिकाण ग्वाटेमालात येते. या नोंदी आपणच मुद्दाम बदलल्याचा दावा मॅकॅफी यांनी आधी केला आणि नंतर मागे घेतला. काही दिवसांतच त्यांना ग्वाटेमालात अटक झाली. या उदाहरणातील एक बारकावा अभ्यासकाने विसरू नये. एक्झिफमध्ये आकडा नेहमी धनच असतो आणि पूर्व की पश्चिम हे GPSLongitudeRef या वेगळ्या नोंदीत लिहिलेले असते. ती एक नोंद वाचायची राहिली, तर हाच बिंदू थेट बंगालच्या उपसागरात जाऊन पडतो.

मोठ्या समाजमाध्यमांवर मात्र तोपर्यंत या नोंदी बऱ्याच अंशी गळू लागल्या होत्या. त्यामागे गोपनीयता हे एक कारण होते, पण एकमेव नव्हे. अशा सेवा आलेला फोटो लहान करून नव्याने संकुचित करतात, आणि या प्रक्रियेत एक्झिफचा खंड मुद्दाम पुढे नेला नाही तर तो मागेच राहतो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र असेच नव्याने तयार होते. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर नोंदी सहसा शाबूत राहतात. IMG-20240315-WA0007.jpg अशा नावातील तारीख फोटो काढल्याची आहे असे अनेक जण धरून चालतात. ती व्हॉट्सअॅपने फाइल साठवल्याची असते.

यानंतरचा बदल फोनच्या प्रणालीतच झाला. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून, वेगळी परवानगी न घेतलेल्या अॅपला फोटो देताना प्रणाली ठिकाणाच्या नोंदींच्या जागी शून्ये भरते. त्यामुळे गॅलरीत नकाशावर दिसणारा फोटो एखाद्या अॅपमधून पुढे गेला की त्यातील ठिकाण हरवते, तारीख आणि कॅमेऱ्याचे नाव मात्र टिकते. त्याच वर्षी आयफोनमध्येही फोटो पाठवताना ठिकाण वगळण्याची सोय आली.

काय उरले आहे हे पाहण्यासाठी exiftool या नोंदी वाचणाऱ्या साधनाची एक आज्ञा पुरते:

```
exiftool -G1 -s photo.jpg
```

ExifIFD हा कॅमेऱ्याच्या नोंदींचा गट दिसतो पण GPS हा ठिकाणाचा गट नाही, तर फोटो काढताना ठिकाणाची नोंद बंद होती किंवा वाटेत तेवढीच काढली गेली. दोन्ही गट नाहीत आणि चित्राची मापेही कॅमेऱ्याच्या मापांहून लहान आहेत, तर फाइल पुन्हा संकुचित झाल्याची शक्यता मोठी असते. स्क्रीनशॉटमध्ये मूळ फोटोच्या नोंदी कधीच येत नाहीत. यांपैकी कशावरूनही फोटो खोटा ठरत नाही. केवळ रिकाम्या एक्झिफवर बोट ठेवून फोटो बनावट ठरवणे मला घाईचे वाटते.

आपल्याकडे शासकीय कामांच्या पाहणीचे फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरतात, म्हणून अक्षांश-रेखांश आणि वेळ चित्रावरच छापणारी कॅमेरा-अॅप्स रूढ झाली. ती अक्षरे चित्राच्या बिंदूंचाच भाग असल्याने संकुचनानंतरही वाचता येतात. मात्र कोणत्याही चित्र-संपादकात ती पुसून नवी लिहिता येतात, आणि एक्झिफमधील नोंदीही वरच्याच साधनाने बदलता येतात. म्हणून वाद उद्भवल्यास फोटो काढणाऱ्याच्या फोनमधील मूळ फाइल मागवून तिच्या नोंदी चित्रातील इमारती, सावल्या आणि रस्त्यांशी ताडून पाहाव्या लागतात.