पिसाचा मनोरा: जमीन खचणं वेगळं, मनोरा कलंडणं वेगळं

पिसाच्या मनोऱ्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘जमीन मऊ होती म्हणून कलला’ हे एक, आणि ‘मग कलतोय त्या बाजूनं पक्का आधार द्यायचा ना!’ हे दुसरं. पहिलं अर्धवट आहे, दुसरं चक्क घातक आहे, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. मऊ जमिनीवरची उंच वास्तू दोन अगदी वेगळ्या कारणांनी पडू शकते. एक तर मातीची ताकद संपते, किंवा मग ताकद असूनही माती पुरेशी ताठर नसते. पहिल्याला जमीन खचणं म्हणू, दुसऱ्याला कलंडणं. लोक बोलतात पहिल्याबद्दल, पण इंजिनिअर झगडले ते दुसऱ्याशी.

पहिला प्रकार घर बांधलेल्या कुणालाही ठाऊक असतो. खड्डा घेतला, मुरूम कुठे लागला, खडक किती खाली आहे, माती किती भार पेलेल, हे सगळे प्रश्न ‘बेअरिंग कपॅसिटी’चे. भार त्यापलीकडे गेला की पायाखालची माती सरकते, बाजूला फुगून वर येते आणि इमारत खाली बसते. यावर आणखी लिहीत नाही.

पिसाला हा धोकाही होताच, पण मध्ययुगात. वर सुमारे 10 मीटर गाळ, वाळू आणि चिकणमाती, त्याखाली जवळपास 30 मीटर मऊ सागरी चिकणमाती आणि मग दाट वाळू, अशी तिथली जमीन. 1173 मध्ये काम सुरू झालं आणि पाचेक वर्षांत, चौथ्या मजल्यापर्यंत येऊन थांबलं. ते जवळपास शंभर वर्षांनी, 1272 मध्ये पुन्हा सुरू झालं आणि 1278 मध्ये सातव्या मजल्यावर परत बंद पडलं. घंटांचा मजला चढला तो 1360 नंतर. हे थांबे राजकारणामुळे आणि युद्धांमुळे पडले असं म्हणतात, पण मनोरा वाचला तो त्यांच्याचमुळे. चिकणमातीवर भार आला की तिच्यातलं पाणी फार सावकाश बाहेर पडतं आणि ते पडल्यावरच माती घट्ट होते. गवंडी न थांबता वर गेले असते तर माती फुटून मनोरा तेव्हाच आडवा झाला असता. मधल्या शंभर वर्षांत पाणी निघून गेलं, मातीला बळ आलं. पूर्ण झालेला मनोरा सुमारे 14,500 टनांचा आणि जमिनीत सरासरी अडीच-तीन मीटर रुतलेला, तरी त्यानंतर ‘भार पेलेल का’ हा मुख्य प्रश्न राहिलाच नाही.

आता दुसरा प्रकार. गादीवर डब्यांची चळत रचून पाहा. चार डबे नीट राहतात, सहाही राहतात. एका ठरावीक उंचीनंतर मात्र कितीही जपून ठेवा, चळत कलंडतेच. गादी फाटलेली नसते, म्हणजे तिची ताकद संपलेली नसते. चळत जराशी कलली की वजन त्या बाजूला सरकतं, त्या बाजूची गादी जास्त दबते, त्यामुळे चळत आणखी कलते. परत उभं करू पाहणारा गादीचा जोर आणि पाडू पाहणारं वजन यांत वजनाची वाढ वरचढ ठरली की खेळ संपतो. ती उंची कोणती हे वजन, पायाची रुंदी आणि खालच्या थराचा ताठरपणा ठरवतात. ताकद त्या हिशेबात येतच नाही. खाली कधीही न फाटणारं जाड रबर घातलं तरी चळत पडेलच.

पिसाचा मनोरा नेमका त्या उंचीच्या काठावर उभा राहिला. जमिनीच्या वरच्या थरात दक्षिणेकडची माती किंचित अधिक दबणारी आहे. कोणत्या दिशेला कलायचं एवढंच त्या फरकानं ठरवलं असावं. कलणं मुळात उंचीनं आणि मऊपणानं आणलं. दुसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीला मनोरा दक्षिणेला नव्हे, अगदी थोडा उत्तरेला झुकलेला होता. उंची वाढत गेली तशी त्यानं दिशा बदलली आणि मग कल वाढतच गेला. गवंडी प्रत्येक मजल्यावर सावरत होते, थरांची जाडी एका बाजूला कमी-जास्त करत होते. घंटांच्या मजल्यावर चढायला आजही दक्षिणेकडून सहा पायऱ्या आहेत आणि उत्तरेकडून चारच.

इथे शाळेतल्या विज्ञानाबद्दल एक तक्रार. ‘गुरुत्वमध्यातून सोडलेली लंबरेषा पायाच्या आत पडते, म्हणून मनोरा पडत नाही’ हे वाक्य आपण घोकलेलं असतं. ते टणक फरशीवर ठेवलेल्या ठोकळ्यापुरतं खरं. 1990 मध्ये मनोऱ्याचा कल साडेपाच अंश होता आणि वरची कड सुमारे साडेचार मीटर बाहेर आली होती. तरी गुरुत्वमध्य पायाच्या केंद्रापासून फक्त सव्वादोन मीटरच्या आसपास सरकला होता. पायाचा व्यास 19.6 मीटर, म्हणजे त्या नियमानं मनोरा ठणठणीत. प्रत्यक्षात जमिनीचा मऊपणा धरून केलेल्या संगणकी प्रतिकृती साडेपाच अंशांच्या जरा अलीकडेच कोसळत होत्या.

मग हा खचण्याचा प्रकार नाही हे कशावरून? इथे मोजमापं कामी आली. 1911 पासून मनोऱ्याचा कल काटेकोर मोजला जात होता. दक्षिणेकडची माती हार मानत असती तर दक्षिण कड खाली जाताना दिसली असती आणि उत्तर कड जागेवर राहिली असती किंवा तीही थोडी बसली असती. नोंदी नीट लावल्यावर वेगळंच दिसलं: दक्षिण कड खाली जात होती आणि उत्तर कड वर उचलली जात होती. अख्खा पाया फिरत होता. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे जॉन बरलँड यांनी या निरीक्षणावर भर दिला आणि पुढचा सगळा उपाय त्यातून सुचला. दक्षिणेला हात लावायचाच नाही, काय करायचं ते उत्तरेला.

आधीच्यांनी नेमकं उलटं केलं होतं. 1838 मध्ये गेरार्देस्का या वास्तुविशारदानं रुतलेला पाया लोकांना दिसावा म्हणून मनोऱ्याभोवती चर खणला. दक्षिणेकडे तो भूजलाच्या खाली गेला, पाणी उसळून आलं आणि कल सुमारे अर्ध्या अंशानं वाढला. 1934 मध्ये मुसोलिनीच्या काळात पायात 361 भोकं पाडून सुमारे 80 टन सिमेंटचं पातळ मिश्रण भरलं. हेतू पाया पक्का करण्याचा होता. मनोरा एकदम दक्षिणेला सरकला. आजार ताठरपणाचा असताना औषध ताकदीचं दिलं की असं होतं. काठावर उभ्या असलेल्या वस्तूच्या पायाशी केलेली कोणतीही ढवळाढवळ तिला ढकलतेच.

1989 मध्ये पाविया शहरातला जुना मनोरा अचानक कोसळून चारजण गेले. तो कललेला नव्हता, त्याचं दगडकामच फुटलं. पिसाच्या पोकळ भिंतींनाही तसा धोका होता, म्हणून पुढे खालच्या भागाला पोलादी तारांचे पट्टे आवळले. जानेवारी 1990 मध्ये मनोरा पर्यटकांसाठी बंद झाला आणि मिकेले यामिओल्कोव्स्की यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. 1993 मध्ये उत्तर बाजूला काँक्रीटची कडी घालून तिच्यावर 600 टन शिसं रचलं. दिसायला ओंगळवाणं, पण कल थांबला आणि किंचित कमीही झाला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं हे सर्वांत शहाणं पाऊल, कारण नको झालं तर उचलून नेता येत होतं.

दिसायला बरं नाही म्हणून ते शिसं काढायचं आणि त्याऐवजी उत्तरेला खोल वाळूत रोवलेल्या तारांनी पाया खाली ओढायचा, असं ठरलं. त्यासाठी खणताना पाणी येऊ नये म्हणून द्रवरूप नायट्रोजननं जमीन गोठवायला घेतली. सप्टेंबर 1995 मध्ये दक्षिणेकडच्या भागात गोठवणं सुरू होताच मनोरा झपाट्यानं दक्षिणेला सरकू लागला. काम तिथेच थांबवलं आणि घाईघाईनं आणखी 300 टन शिसं चढवलं.

शेवटी जे केलं ती कल्पना फर्नांदो तेराचिना यांनी 1962 मध्येच मांडली होती: दक्षिण वर उचलू नका, उत्तरेखालची माती थोडी-थोडी काढा. सांगायला सोपं, पण एक मेख होती. प्रतिकृतींवर प्रयोग करताना कळलं की पायाखाली एक सीमारेषा आहे, उत्तर कडेपासून साधारण अर्ध्या त्रिज्येइतकी आत. तिच्या उत्तरेकडून माती काढली तर मनोरा सरळ होतो, तिच्यापलीकडे गेलात तर आणखी कलतो. म्हणून आधी जवळच्या मोकळ्या मैदानात 7 मीटर व्यासाचा खोटा पाया घालून, त्यावर भार ठेवून, सराव केला.

यंत्र साधंच होतं. तिरप्या नळीच्या आत फिरणारा गिरमिट. तो टोकाला माती भरून घेतो, नळी मागे ओढली की पोकळी उरते आणि वरच्या दाबानं माती हळूच बसून ती मिटते. एका वेळी निघायची ती जेमतेम बादलीभर माती. फेब्रुवारी 1999 मध्ये 12 भोकांनी चाचणी घेतली, तेव्हा मनोऱ्याला उत्तरेकडून दोन जाड पोलादी तारा बांधून ठेवल्या होत्या. मनोरा अपेक्षेप्रमाणे वळला. मग फेब्रुवारी 2000 पासून वर्षभर 41 भोकांतून काम चाललं. रोजचं मोजमाप बघून कोणत्या भोकातून आज किती काढायचं ते ठरायचं. दगडकामाच्या एका पर्वताला हलवायला एकूण माती निघाली सुमारे 38 घनमीटर. कल अर्ध्या अंशानं घटला, वरची कड सुमारे 45 सेंटीमीटर मागे आली. शिसं उतरवलं आणि डिसेंबर 2001 मध्ये मनोरा पुन्हा उघडला.

एक काम उरलं होतं. जोराच्या पावसात उत्तरेकडचं भूजल चढायचं आणि ती कड थोडी वर उचलायचं. पाणी उतरल्यावर मनोरा पूर्ण मागे यायचा नाही, दर पावसाळी मोसमात थोडा कल शिल्लक राहायचा. म्हणून उत्तरेला निचऱ्याची व्यवस्था करून पाण्याची पातळी स्थिर केली. 2008 पर्यंत हालचाल थांबली.

‘एवढं जमत होतं तर पूर्ण सरळ का नाही केला?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांना मनोरा कललेला दिसतो, वाकलेला दिसत नाही. गवंड्यांनी प्रत्येक मजला मागच्यापेक्षा थोडा सावरून रचल्यामुळे तो केळ्यासारखा वळला आहे. खालचे मजले ओळंब्यात आणले तर घंटांचा मजला उत्तरेकडे झुकलेला दिसेल.