साडेसात महिन्यांनी आलेलं रडू

बाबा पौषात गेले. रडू फुटलं ते भाद्रपदात, गणपतीच्या आदल्या दिवशी, माळ्यावरून मूर्तीवर टांगायची माटवी खाली काढताना. मधले साडेसात महिने मी मुंबईत कामावर जात होतो, जेवत होतो, बऱ्यापैकी झोपतही होतो. 'सावरलास हो लवकर' असं लोक म्हणायचे, आणि मलाही तसंच वाटायचं. गावात त्या दिवशी शेजारचे काका पडवीत आले आणि काळजीनेच म्हणाले, "सात म्हयने झाले रे, आता कित्याक रडतंस?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे वाचलं आणि समजून घेतलं, ते इथे मांडतो आहे. वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंतच्या बऱ्याच घरांत हा प्रश्न विचारला जातो, याची मला खात्री आहे.

दुःखाला मुदत असते, ही समजूत आपल्याकडे मुळात नव्हती. धर्मशास्त्रात गेलेल्या माणसासाठी वर्षभरात सोळा श्राद्धं सांगितली आहेत. दर महिन्याचं मासिक, शिवाय महिना भरण्याआधीचं ऊनमासिक, दीड महिन्याचं त्रैपाक्षिक, सहा महिन्यांच्या अलीकडचं ऊनषाण्मासिक आणि वर्षाच्या अलीकडचं ऊनाब्दिक. सपिंडीकरण, म्हणजे गेलेल्याला पितरांत सामावून घेण्याचा विधी, त्याचाही मूळ काळ वर्षाअखेरचा. प्रेताला 'पितर' व्हायला एक वर्ष लागतं, आणि घरातल्यांनी त्या वर्षात ठराविक अंतराने थांबून त्याच्यासाठी काहीतरी करायचं, असा तो हिशेब होता.

शास्त्रानेच सोय म्हणून सपिंडीकरण बाराव्या दिवशी करण्याची मुभा दिली, आणि पुढे ती सोयच रीत झाली. आता बहुतेक घरांत सोळाच्या सोळा श्राद्धं अकराव्या-बाराव्याला एकाच बैठकीत उरकतात. यात कोणाचा दोष नाही. मुंबईच्या नोकरीत पंधरा दिवसांहून जास्त रजा कोण देणार? आमच्याकडेही तसंच झालं. दहाव्याला व्हाळाकाठी पिंडाला कावळा शिवला, बाराव्याला गुरुजींनी सगळं पुरं केलं, तेराव्याचं गोड जेवण झालं आणि चौदाव्या दिवशी मी गाडीत बसलो. विधी एका दिवसात बसवता आले, पण मनाचं वर्ष वर्षाएवढंच राहिलं.

गंमत म्हणजे मानसशास्त्राने नेमका उलटा प्रवास केला. तिथे आधी मुदत छोटी होती, मग ती हळूहळू वाढत गेली. फ्रॉईडने १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात शोक हे एक काम मानलं. गेलेल्या माणसात गुंतलेलं मन एकेका आठवणीगणिक सोडवून घ्यायचं, आणि ते पुरं झालं की मन मोकळं. त्याच्या स्वतःच्या आयुष्यात मात्र हे काम इतकं सरळ झालेलं दिसत नाही. त्याचे वडील १८९६ साली गेले. स्वप्नांवरचं आपलं पुस्तक वडिलांच्या मृत्यूला मनाने दिलेलं उत्तर होतं, हे आपल्याला ते लिहून झाल्यावरच कळलं, असं त्याने दुसऱ्या आवृत्तीसाठी १९०८ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवलं आहे.

'लाटा' हा शब्द वैद्यकात ठळकपणे आला तो एरिक लिंडेमन या अमेरिकन डॉक्टरामुळे. नोव्हेंबर १९४२ मध्ये बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला आग लागली आणि ४९२ माणसं गेली. त्या आगीत होरपळलेल्यांना आणि मागे राहिलेल्या नातेवाइकांना लिंडेमनने तपासलं आणि १९४४ साली निरीक्षणं छापली. शारीरिक त्रास लाटांसारखा येतो, असं त्याने लिहिलं, आणि एक लाट साधारण वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकते. घसा आवळतो, श्वास कोंडतो, सारखे उसासे येतात, पोटात पोकळी पडल्यासारखं वाटतं, अंगातला जोर जातो. कोणी त्या माणसाचं नाव काढलं किंवा सहानुभूती दाखवली, तरी लाट उसळते.

हे वर्णन आजही तंतोतंत लागू पडतं. चूक झाली ती पुढे. नीट मदत मिळाली तर चार ते सहा आठवड्यांत हा तीव्र शोक आटोक्यात येतो, असा त्याचा अंदाज होता. १९७० च्या सुमारास कॉलिन मरी पार्क्स या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने लंडनमधल्या २२ विधवांना वर्षभर पुन्हा पुन्हा भेटून पाहिलं, तेव्हा वर्ष सरतानाही कळा येतच होत्या. त्या विरळ झाल्या होत्या, आणि बहुधा कशाने तरी आठवण जागी झाली की यायच्या.

शोकाच्या पाच पायऱ्या अनेकांना ठाऊक असतात. एलिझाबेथ क्युब्लर-रॉसने १९६९ साली त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढायच्या, असा नियम त्यातून निघत नाही. पाचवी पायरी गाठली, आता परत का रडतोय, म्हणून स्वतःला कमी लेखणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे सांगितलं.

मला स्वतःला उलगडा झाला तो मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९ च्या मांडणीने. त्यांचं म्हणणं असं की शोकातला माणूस दोन कामांत येरझाऱ्या घालत असतो. एक, गेलेल्याचं दुःख करणं. दुसरं, त्याच्याविना उभं राहिलेलं आयुष्य चालवणं, म्हणजे मृत्यूचा दाखला, बँकेचं खातं, सातबाऱ्यावर वारसनोंद, आईचं औषधपाणी. ही ये-जा निरोगी आहे. एकाच बाजूला अडकून पडणं त्रासाचं. पहिले काही महिने दुसरी बाजू इतकी अंगावर येते की पहिलीला जागाच मिळत नाही. आमची वारसनोंद आषाढात झाली. मग हात रिकामे झाले.

त्यात चाकरमान्याचं आणखी एक आहे, आणि हा माझा स्वतःचा निष्कर्ष आहे. मेंदू माणसाची वाट पाहतो ती ठराविक जागी, ठराविक वेळी. तो माणूस तिथे नाही, हे त्याला त्या जागी, त्या वेळी जाऊनच शिकावं लागतं. आईला हे रोज शिकावं लागलं. पहाटे चुलीपाशी, दुपारी ताटापाशी, तिन्हीसांजेला खळ्यात. तिच्या लाटा पहिल्या आठवड्यापासूनच होत्या. माझ्या मुंबईच्या खोलीत मात्र बाबा कधी नव्हतेच. ते तिथे नसणं हीच वीस वर्षांची सवय होती. रविवारचा फोन तेवढा आई करू लागली. बाबा गेले, ही खबर माझ्या मुंबईच्या दिवसांपर्यंत पोचलीच नाही. ती पोचली चतुर्थीच्या आदल्या दिवशी, कारण त्या दिवशी ते कुठे असणार, हे मला पक्कं माहीत होतं.

माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला नारळ, सुपाऱ्यांचे घड, कवंडळं, रानातली फळं बांधतात. विसर्जन झालं की बाबा फळं कापून काढायचे, पण चार कोपऱ्यांचे सुंभ तसेच ठेवून चौकट माळ्यावर सरकवायचे, पुढच्या वर्षाला सोपं जावं म्हणून. मी स्टुलावर चढून ती ओढली आणि कोपऱ्यावरची गाठ हाताला लागली. दोनदा फिरवून टोक आत खोचलेलं, हाताच्या मळाने सुंभ काळा पडलेला. पहिल्यांदा घसा आवळला. मग उसासे सुरू झाले, गुडघ्यांत जोर राहिना. मी खाली उतरून पडवीत बसलो. पावसाची एक मोठी सर येऊन गेली तेवढा वेळ, अर्धा तास असेल, मी रडत होतो. मग आपोआप ओसरलं आणि भूक लागली. आई एवढंच म्हणाली, "गाठी सोडू नको, तशेच ऱ्हवांदे."

लाट ओसरते, हे कळल्याचा उपयोग फार आहे. चालू असताना वाटतं की आता हे संपणारच नाही, आपण पहिल्या दिवसावर परत आलो. खरं तर एका नव्या जागी मेंदू जुनीच खबर पहिल्यांदा ऐकत असतो. त्यामुळे बऱ्याच लाटा पंचांगात आधी दिसतात. त्या रात्री आई आणि मी कॅलेंडर घेऊन बसलो आणि पहिल्यांदाच बाबांविना येणारे दिवस शोधले. चतुर्थीची पहिली आरती, म्हाळ, दिवाळी, कलमांना मोहोर येण्याचे दिवस, वर्षश्राद्ध. प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहिल्या. त्या दिवशी घरात कोण असेल, आणि बाबांचं कोणतं काम कोण करील. आरती चुलतभावाने सुरू केली. कलमांची पाहणी मी शिकून घेतली.

म्हाळाचे दिवस कोकणात विशेष जपायला हवेत. गौरी-गणपती जातात, चाकरमानी गाड्या भरून परततात, आणि लगेच पितृपक्ष लागतो. भरलेलं घर रिकामं होतं आणि त्याच पंधरवड्यात गेलेल्याची तिथी येते. पहिल्या वर्षी आमच्याकडे भरणी श्राद्ध होतं, त्यासाठी मी रात्रीच्या गाडीने पुन्हा गेलो. अशा वेळी फोनवर 'काळजी घे' म्हणण्यापेक्षा दोन दिवस घरात असणं आईला उपयोगी पडलं.

सगळ्याच लाटा सांगून येत नाहीत. बाजारात कोणाच्या तरी अंगाला विडीचा आणि ओल्या घोंगडीचा वास येतो आणि पाय थांबतात. तेव्हा बाजूला व्हावं, बसावं, पाणी प्यावं आणि तिला वेळ द्यावा. मग हातातलं काम पुन्हा घ्यावं. रोज दाबून ठेवणं आणि दिवसभर त्यातच बसणं, दोन्हींत येरझारा थांबतात.

आणि काही वेळा ही लाट राहत नाही, पाणी भरूनच राहतं. मोठ्या माणसांच्या बाबतीत अमेरिकन मनोविकार संघटनेने २०२२ मध्ये बारा महिन्यांची आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने सहा महिन्यांची सीमा धरली आहे. त्यानंतरही जवळजवळ रोज तीच तीव्र ओढ असेल, मृत्यू खरा वाटत नसेल, माणसं आणि कामं तुटत चालली असतील, तर त्याला दीर्घ शोकविकार म्हणतात आणि त्यावर खास उपचार आहेत. ओळखायची खूण अंतरात आहे. दोन लाटांमधले दिवस लांबत असतील, त्या दिवसांत जेवण, झोप, हसणं परत येत असेल, तर वाट बरोबर आहे. मधले दिवसच उरले नसतील, दारू वाढली असेल, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावं. जगू नये असं मनात येत असेल, तर सहा महिने-वर्ष मोजत बसू नये. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, त्याच दिवशी फोन करावा.

यंदा माटवी काढली तेव्हा एका कोपऱ्याचा सुंभ कुजला होता. तिथे मी नवा बांधला, दोनदा फिरवून टोक आत खोचून. बाकीचे तीन कोपरे बाबांचेच आहेत. या वेळीही घसा आवळला, पण स्टुलावरून उतरावं लागलं नाही.