आवृत्ती संपलेल्या पुस्तकाचे हक्क प्रकाशकाकडून परत कसे मागावेत: पात्रता, कागदपत्रे आणि पत्राचा मसुदा

पुस्तक वर्षानुवर्षे बाजारात नसेल, तर त्याचे हक्क आपोआप आपल्याकडे आले असणार, असे बरेच लेखक धरून चालतात. सहसा ते आलेले नसतात. बहुतेक करारांत लेखकाने लेखी मागणी केल्यानंतरच मुदत मोजायला सुरुवात होते. म्हणजे पंधरा वर्षे पुस्तक मिळत नसले आणि लेखकाने एक ओळही लिहिली नसली, तर कागदोपत्री मुदतीचा पहिला दिवसही उजाडलेला नसतो. म्हणून हे पत्र विनंती म्हणून लिहू नये. करारातली सूचना म्हणून लिहावे.

आधी करार काढा

करारात ‘आवृत्ती संपल्यास’, ‘पुनर्मुद्रण’ किंवा ‘कराराची समाप्ती’ अशा मथळ्याखाली एक कलम असते. तुमची पात्रता तिथे ‘अनुपलब्ध’ या शब्दाची व्याख्या काय केली आहे, यावर ठरते. जुन्या करारांत छापील प्रती संपल्या की पुस्तक अनुपलब्ध झाले, एवढे पुरत असे. नंतरच्या अनेक करारांत ‘कोणत्याही स्वरूपात’ असे शब्द आले आणि तिथेच गाठ बसली. मागणीनुसार एकेक प्रत छापून देण्याची सोय किंवा कुणी न उघडलेले ई-पुस्तक एवढ्यावरही प्रकाशक ‘पुस्तक उपलब्ध आहे’ म्हणू शकतो. चांगल्या करारात यावर तोड म्हणून विक्रीचा आकडा असतो: लागोपाठ दोन हिशेब-काळांत ठरलेल्या संख्येपेक्षा कमी प्रती खपल्या, तर पुस्तक अनुपलब्ध समजायचे. तुमच्या करारात असा आकडा असेल तर तुमचे काम सोपे, कारण पुरावा प्रकाशकाच्याच रॉयल्टी-हिशेबात सापडतो.

करारात असे कलमच नसेल, तर त्या देशाच्या कायद्याकडे वळावे लागते. फ्रान्सचा कायदा या बाबतीत अगदी नेमका आहे. प्रती मागणाऱ्या दोन मागण्या प्रकाशकाने तीन महिन्यांत पुऱ्या केल्या नाहीत, तर आवृत्ती संपली असे हा कायदा मानतो. भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात कलम 19 पाहावे. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्कांचे हस्तांतरण पाच वर्षांचे समजले जाते. शिवाय हस्तांतरित केलेला हक्क एका वर्षात वापरलाच नाही, तर तेवढ्या हक्काचे हस्तांतरण रद्द झाले असे धरले जाते. अर्थात करारात वेगळे लिहिले नसेल तर. या दुसऱ्या तरतुदीचा उपयोग बारकाईने समजून घ्या. छपाईचा हक्क प्रकाशकाने एकदा वापरलेला असतो, त्यामुळे तिथे ती फारशी कामाची नाही. ज्या अनुवादाला किंवा श्राव्य आवृत्तीला त्याने कधी हातच लावला नाही, तिथे ती कामाला येते. मात्र 1994च्या दुरुस्तीपूर्वीच्या करारांना या दोन्ही तरतुदी लागू नाहीत, आणि जुनी पुस्तके नेमकी त्याच काळातली निघतात. म्हणून करारावरची तारीख सर्वांत आधी पाहा.

मागणी लेखकानेच करावी. सहलेखक असतील तर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. लेखक हयात नसेल तर वारसांनी आपला वारसाहक्क दाखवणारा कागद जोडावा.

कागदपत्रे

कराराची प्रत, नंतर झालेली पुरवणी पत्रे, शेवटचे दोन-तीन रॉयल्टी-हिशेब आणि पुस्तक मिळत नसल्याचा पुरावा, एवढे पुरते. यांपैकी शेवटच्या पुराव्यात लोक फसतात. ऑनलाइन दुकानात ‘सध्या उपलब्ध नाही’ असे दिसले, म्हणजे त्या दुकानाकडे प्रत नाही इतकेच सिद्ध होते. उलट तिथे कुणी जुनी वापरलेली प्रत विकत असेल, तर त्यावरून प्रकाशकाला ‘पुस्तक मिळते की’ असेही म्हणता येत नाही. खरा पुरावा म्हणजे थेट प्रकाशकाकडे किंवा त्याच्या वितरकाकडे प्रतीची लेखी मागणी नोंदवून मिळालेले ‘शिल्लक नाही’ हे उत्तर. पत्र लिहिण्याआधी महिनाभर ही मागणी एखाद्या मित्राच्या नावाने करावी. लेखकाचे नाव दिसले की गोदामाच्या कोपऱ्यातून अचानक चार प्रती निघू शकतात.

पत्र

समजा, करार 2003चा आहे. कलम 11 म्हणते: पुस्तक अनुपलब्ध झाल्यास लेखकाने लेखी सूचना द्यावी, सूचना मिळाल्यापासून सहा महिन्यांत प्रकाशकाने नवी आवृत्ती प्रसिद्ध केली नाही, तर सर्व हक्क लेखकाकडे परत जातील. मग पत्राचा मजकूर असा होईल:

> विषय: ‘(पुस्तकाचे नाव)’, आयएसबीएन (क्रमांक): कलम 11 अन्वये सूचना
>
> स. न. वि. वि.
>
> वरील पुस्तकाबाबत आपल्यात 12 जून 2003 रोजी करार झाला. पुस्तकाच्या प्रती आपल्याकडे शिल्लक नसल्याचे आपल्या वितरकाने 3 फेब्रुवारी 2025 रोजी लेखी कळवले आहे. गेल्या दोन हिशेबांत विक्री शून्य आहे. दोन्हींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.
>
> करारातील कलम 11 अन्वये ही सूचना देत आहे. ती मिळाल्यापासून सहा महिन्यांत नवी आवृत्ती प्रसिद्ध न झाल्यास पुस्तकाचे सर्व हक्क माझ्याकडे परत येतील. आवृत्ती काढायची नसेल, तर मुदतीची वाट न पाहता हक्क परत केल्याचे पत्र द्यावे, आणि या पुस्तकाबाबत आपण इतर कुणाला दिलेल्या परवानग्यांची यादी सोबत पाठवावी.
>
> कळावे.

पत्र एवढेच. थकलेल्या रॉयल्टीची तक्रार, मुखपृष्ठ आवडले नव्हते ही जुनी सल, ‘योग्य तो विचार व्हावा’ असली मऊ वाक्ये इथे नकोत. पैशांचा वाद असेल तर त्याचे पत्र वेगळे लिहावे. नाहीतर दोन्ही विषय हिशेबाच्या टेबलावर पडून राहतात. पत्र कराराने सांगितलेल्या पद्धतीने आणि त्यात दिलेल्या पत्त्यावर पाठवावे. मधल्या काळात प्रकाशनसंस्था दुसऱ्या संस्थेत विलीन झाली असेल, तर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पत्त्यांवर पाठवावे. ईमेल जरूर करा, पण पोचपावती मिळणाऱ्या टपालाने गेलेली प्रतच तारीख ठरवते. वरच्या उदाहरणात पत्र 1 मार्चला निघाले आणि 5 मार्चला पोचले, तर मुदत 5 सप्टेंबरला संपते.

ऑगस्टमध्ये उत्तर आले की ‘पुनर्मुद्रणाचा विचार चालू आहे’, तर काय? कलमात ‘प्रसिद्ध केली नाही’ असे शब्द आहेत, तेव्हा नुसत्या विचाराने मुदत थांबत नाही. कलमात ‘प्रसिद्ध करण्याचे मान्य केले नाही’ असे असते, तर हेच उत्तर प्रकाशकाला पुरले असते. अशा वेळी त्याच्याकडून छपाईची तारीख लेखी मागून घ्यावी.

उत्तर आल्यावर

‘हरकत नाही’ एवढ्या ओळीवर समाधान मानू नका. पत्रात पुस्तकाचे नाव, आयएसबीएन, हक्क कोणत्या तारखेपासून परत आले आणि कोणते आले, हे हवे. आधी दिलेल्या अनुवादाच्या परवानग्या सहसा त्यांच्या मुदतीपर्यंत चालू राहतात. त्यांतला तुमचा वाटा यापुढे कसा मिळणार तेही लिहून घ्यावे. ई-पुस्तक विक्रीवर असेल तर ते कोणत्या तारखेला काढणार, याचीही नोंद हवी.

परत येतो तो तुमचा मजकूर. मुखपृष्ठाचे चित्र, आतली रेखाचित्रे, जुळवलेली पाने यांवर बहुधा इतरांचा हक्क असतो. जुनी पाने स्कॅन करून नवी आवृत्ती काढायचा बेत असेल, तर त्याची परवानगी वेगळी मागावी लागेल. जुना आयएसबीएनही प्रकाशकाचाच राहतो. नव्या आवृत्तीला नवा घ्यावा लागतो.

मुदत उलटूनही उत्तर नसेल, तर दुसरे छोटे पत्र पाठवा: ‘कलम 11 अन्वये हक्क 5 सप्टेंबर 2025 रोजी माझ्याकडे परत आले आहेत.’ इथे परवानगी मागायची नसते, झालेली गोष्ट कळवायची असते. नवा प्रकाशक हक्क परत आल्याचा कागद मागेल, तेव्हा करार, दोन्ही पत्रे, पोचपावत्या आणि वितरकाचे उत्तर एकत्र त्याच्यासमोर ठेवा.