तेच बेअरिंग परत परत का जातं? आमचा रूट कॉज रिपोर्ट कसा वाचायचा

एखादी मशीन त्याच जागी तिसऱ्यांदा बंद पडली की आम्ही नुसता पार्ट बदलून बिल पाठवत नाही, सोबत एक रिपोर्ट देतो. त्यात माशाच्या काट्यासारखी एक आकृती असते आणि "का?" "का?" अशी एक साखळी असते. बरेच ग्राहक शेवटचं पान बघतात, काय बदलायचं ते वाचतात आणि फाइलला लावतात. म्हणून हे माहितीपत्रक. एका ग्राहकाच्या ब्लोअरची केस घेऊन सांगतो, म्हणजे रिपोर्टमध्ये कुठे काय लिहिलंय आणि का लिहिलंय ते कळेल.

ब्लोअर बेल्टवर चालणारा, मोटर बाजूला, चार व्ही-बेल्ट, शाफ्टला दोन्हीकडे प्लमर ब्लॉक आणि मधे इम्पेलर. पुलीच्या बाजूचं बेअरिंग दर सहा ते आठ आठवड्यांनी जायचं. त्याआधी तीन वर्षं तेच ब्लोअर काही कुरकुर न करता चाललं होतं. प्रत्येक वेळी बेअरिंग बदललं, प्रत्येक वेळी जॉब कार्डवर "ग्रीसिंग नीट नाही" असं कारण लिहिलं, आणि ग्रीस मारणाऱ्या माणसाला बोलणी बसली.

काट्यावर आधी सगळ्यांना जागा

माशाचं डोकं म्हणजे त्रास. तो आम्ही मोघम लिहीत नाही. "ब्लोअर वारंवार बंद" असं लिहिलं तर त्याला पन्नास कारणं चिकटतात. आम्ही लिहिलं, "पुलीच्या बाजूचं बेअरिंग सहा ते आठ आठवड्यांत जातं, दुसऱ्या बाजूचं जात नाही." या दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर नजर ठेवा, पुढे ते कामाला येतं.

मग सहा काटे: माणूस, मशीन, माल, पद्धत, मोजमाप आणि आजूबाजूचं वातावरण. ही आकृती जपानच्या काओरू इशिकावांनी रूढ केली म्हणून तिला इशिकावा डायग्राम पण म्हणतात. ती भरताना आम्ही ऑफिसात बसत नाही, मशीनपाशी ऑपरेटर, फिटर आणि स्टोअरचा माणूस यांना घेऊन उभे राहतो आणि जो जे म्हणेल ते लिहितो, कोणाचं खोडत नाही. या केसमध्ये आलं ते असं: ग्रीस कमी, ग्रीस जास्त, बेअरिंग डुप्लिकेट, बेअरिंग बसवताना ठोकलं, इम्पेलरवर धूळ बसून तो आउट ऑफ बॅलन्स, बेल्ट फार टाइट, पुली लाइनमध्ये नाहीत, धूळ आत जाते.

आकृती इथे संपली असं समजू नका. काट्यावर लिहिलेली प्रत्येक गोष्ट हा फक्त संशय आहे, आणि पुष्कळ रिपोर्ट इथेच फसतात, कारण आकृती भरगच्च दिसते आणि काम झाल्यासारखं वाटतं. आम्ही प्रत्येक संशयापुढे एक शेरा मारतो: पुरावा बाजूने, पुरावा विरुद्ध, किंवा तपासायचं बाकी. शेरा नसलेला काटा दिसला तर आम्हाला खुशाल विचारा.

जुनं बेअरिंग काय सांगतं

आता ते अर्धं वाक्य. दोन्ही बेअरिंगना एकच माणूस, एकाच डब्यातलं ग्रीस, एकाच दिवशी मारतो, आणि जातं मात्र एकच. म्हणजे ग्रीसवरचा संशय बराच कमी झाला. पूर्ण गेला नाही, कारण पुलीच्या बाजूला लोड जास्त असतो, तेव्हा ग्रीस कमी पडलं तरी आधी तेच बेअरिंग बोंबलणार. म्हणून जुनं बेअरिंग कापून आत बघितलं. ग्रीस काळं पडलेलं नव्हतं, जळका वास नव्हता, रोलर निळे पडले नव्हते. ग्रीसवाला सुटला.

आउटर रेसवर मात्र गोष्ट स्पष्ट होती. आउटर रेस फिरत नाही, त्यामुळे लोड कुठून येतोय त्याची खूण तिच्यावर उमटते. मोटरकडच्या बाजूला एक रुंद, चकचकीत पट्टा आणि त्यातच पापुद्रे निघालेले, बाकीची रेस जवळपास नव्यासारखी. याचा अर्थ शाफ्टला कोणीतरी सतत एकाच दिशेने, मोटरकडे, ओढत होतं. आउट ऑफ बॅलन्स इम्पेलर असता तर उलट झालं असतं, लोड शाफ्टबरोबर फिरतो म्हणून आउटर रेसवर खूण सगळीकडे गोल आली असती आणि इनर रेसवर एकाच जागी. एवढ्या एका निरीक्षणाने इम्पेलरवरचा संशय मागे पडला आणि बेल्टचा पुढे आला.

हे कळलं कारण त्या ग्राहकाच्या फिटरने या वेळी बेअरिंग काढायच्या आधी आउटर रेसवर मार्करने वरची बाजू आणि मोटरची बाजू अशी खूण केली होती. आधीची सगळी बेअरिंग डिझेलने धुऊन भंगारात गेली होती, त्यांच्यातून काहीही कळलं नसतं.

का, का, का

आता साखळी. बेअरिंग का गेलं? मोटरच्या दिशेने जास्त लोड आला म्हणून. लोड का आला? बेल्ट फार टाइट होते म्हणून. हे आम्ही अंदाजाने लिहिलं नाही, मोजलं. दोन पुलींच्या मधला बेल्टचा मोकळा भाग 900 मिमी, आणि नेहमीचा ठोकताळा असा की बेल्टच्या मापाला ठरलेला जोर दिल्यावर दर 100 मिमीला साधारण 1.6 मिमी बेल्ट दबायला हवा, म्हणजे इथे 14 मिमी. प्रत्यक्षात 5 मिमीच दबला. म्हणजे ताण हवा त्याच्या अडीच-तीन पट. रोलर बेअरिंगवर लोड दुप्पट झाला की आयुष्य साधारण दहाव्या भागावर येतं, त्यामुळे तीन वर्षं टिकणारं बेअरिंग काही आठवड्यांत जाणं या हिशोबात बसतं. हा हिशोब ढोबळ आहे, पण साखळीतली कडी किती पक्की आहे ते बघायला एवढा पुरतो.

बेल्ट इतके टाइट का केले? इथे सगळ्यांनी फिटरकडे बघितलं. आमच्या रिपोर्टमध्ये साखळी कधीही "माणसाचा निष्काळजीपणा" इथे थांबत नाही, कारण तिथे थांबलं की करण्यासारखं उरतं ते फक्त रागावणं. फिटरला नीट विचारलं तर म्हणाला, "साहेब, सैल ठेवले की स्टार्टिंगला बेल्ट किंचाळतात, मग ओढावेच लागतात." बरोबर होतं त्याचं.

बेल्ट स्लिप का होत होते? गार्ड काढून पुलीच्या ग्रूव्हमध्ये गेज लावला. ग्रूव्हच्या भिंती सरळ राहिल्या नव्हत्या, आत वाकून वाटीसारख्या झाल्या होत्या, साधारण 1.5 मिमी झीज. सहसा 0.8 मिमीच्या वर गेली की पुली बदलतात. व्ही-बेल्टची पकड दोन्ही बाजूच्या भिंतींवर असते, तळाशी नाही. भिंती झिजल्या की बेल्ट खाली उतरतो, तळाला टेकतो आणि पाचरीसारखा रुतायचं सोडून नुसता घसरतो. दोन ग्रूव्हचा तळ आरशासारखा चमकत होता. तळ चमकतोय म्हणजे बेल्ट तिथे घासतोय, ही खूण कोणालाही दिसते, फक्त गार्ड काढून बघावं लागतं.

पुली इतकी झिजेपर्यंत कळलं का नाही? कारण जॉब कार्डवर फक्त "बेल्ट बदलणे" होतं, पुली तपासण्याची ओळच नव्हती, आणि गेज स्टोअरमध्ये कधी आलाच नव्हता. नवे बेल्ट झिजलेल्या ग्रूव्हमध्ये जात राहिले. इथे आम्ही थांबलो, कारण ही गोष्ट कागदावर आणि स्टोअरमध्ये बदलता येते. पाच वेळा का विचारायचं असं म्हणतात, पण पाच हा काही नियम नाही, कधी तीनमध्ये होतं, कधी सात लागतात.

साखळी एका रेषेत धावली तरी खरं आयुष्य तसं नसतं. "पुली का झिजल्या?" याला दुसरा फाटा होता: गार्डची जाळी मोठी, आजूबाजूला बारीक खरखरीत धूळ, ती ग्रूव्हमध्ये बसून एमरीसारखी घासत होती. आणि तिसरा, चारपैकी तुटलेला एकच बेल्ट बदलायची सवय. नवा बेल्ट लांबीने किंचित कमी, जुने ताणलेले, मग सगळा भार नव्यावर. हे फाटे रिपोर्टमध्ये मुख्य साखळीच्या बाजूला वेगळे दाखवलेले असतात, ते वगळून वाचू नका.

एक सोपी चाचणी तुम्ही पण करू शकता. साखळी शेवटून वरती "म्हणून" लावून वाचा. पुली तपासायची ओळ नव्हती म्हणून झीज कळली नाही, म्हणून बेल्ट स्लिप झाले, म्हणून ओढून टाइट केले, म्हणून लोड वाढला, म्हणून बेअरिंग गेलं. कुठे "म्हणून" अडखळलं तर तिथली कडी कच्ची आहे, आम्हाला फोन करा.

मग केलं काय

दोन्ही पुली नव्या, चारही बेल्ट एकाच सेटचे, पट्टी लावून लाइन बघितली, दाब मोजून ताण दिला आणि एक-दोन दिवस चालल्यावर परत मोजला, कारण नवे बेल्ट बसताना ताण उतरतो. गार्डवर 14 मिमी हा आकडा रंगवला. जाळी बारीक केली, पण गार्ड पूर्ण पत्र्याने बंद करू दिला नाही, बेल्टला हवा लागते. जॉब कार्डवर ग्रूव्ह गेजची ओळ आली.

एवढं करून सुद्धा रिपोर्टवर आम्ही लगेच "क्लोज" लिहीत नाही. आधी बिघाड आठ आठवड्यांच्या आत यायचा, म्हणजे दोन महिने शांत गेले याने काहीच सिद्ध होत नाही. आम्ही त्या अंतराच्या तिप्पट थांबतो, इथे साधारण सहा महिने, आणि तोपर्यंत बेअरिंगचं टेंपरेचर आणि बेल्टचा दाब दर महिन्याला लिहून घेतो. मधे पुन्हा गेलं तर नवी साखळी सुरू करत नाही, जुन्या काट्यावर "तपासायचं बाकी" असलेल्या संशयांपासून सुरू करतो.

तुमच्याकडून आम्हाला लागतं ते एवढंच: जुना पार्ट धुऊ नका, काढायच्या आधी त्यावर वरची बाजू आणि बेल्टची बाजू मार्करने लिहा, आत ग्रीस कसं होतं त्याचा एक फोटो काढा, आणि गेल्या वर्षात त्या मशीनवर काय काय बदललं त्याच्या तारखा एका कागदावर लिहा, स्टोअरमधून दुसऱ्या कंपनीचा माल आला असेल तर तोही. पार्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आमच्या माणसाकडे द्या किंवा पाठवून द्या, बेअरिंग कापून बघण्याचा वेगळा चार्ज आम्ही लावत नाही.