लूप इन करणे, मार्क करणे

ज्याला ईमेल लिहिला आहे त्याच्याखेरीज आणखी कोणाला तो दिसावा म्हणून नाव जोडताना वापरले जाणारे शब्दप्रयोग. असे नाव सहसा `Cc` या रकान्यात टाकतात. टाइपरायटरमध्ये कार्बन पेपर घालून काढलेल्या प्रतीला कार्बन कॉपी म्हणत. त्याचीच ही आद्याक्षरे.

‘लूप इन’ हे इंग्रजीत दोन शब्दांचे क्रियापद आहे आणि त्यांच्यामध्ये कर्म बसू शकते. नाव असेल तर ‘लूपिंग इन सुनीता’ आणि ‘लूपिंग सुनीता इन’ दोन्ही चालतात. सर्वनाम मात्र मध्येच यावे लागते: ‘लूपिंग हर इन’. ‘लूपिंग इन हर’ चूक, पण ‘लूपिंग इन हर मॅनेजर’ बरोबर, कारण तिथे कर्म ‘हर’ नसून मॅनेजर आहे. ‘कीप मी इन लूप’ हेही आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. त्यात ‘लूप’च्या आधी ‘द’ हवा. मराठीत उपपद नसल्याने ते गळलेले लक्षातच येत नाही.

‘मार्किंग यू’ ही भारतीय इंग्रजीची खूण. कचेरीत फाइल किंवा प्रत अमुक अधिकाऱ्याला ‘मार्क’ करतात. तिथे मार्क होतो तो कागद, माणूस नव्हे, म्हणून ‘कॉपी मार्क्ड टू’ ही रचना नेटकी आहे. कागद गळून माणूसच कर्म झाला की भारताबाहेरचा वाचक गोंधळतो. त्याला गुण देण्याचा अर्थ आधी सुचतो. त्याच्यासाठी ‘कॉपीइंग यू इन’ किंवा नुसते ‘कॉपीइंग यू’ लिहावे.

एक अडचण व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. समजा, मायन्याला ‘डिअर अजय’ आहे आणि खाली ‘मार्किंग यू, सुनीता, फॉर इन्फर्मेशन’ असे वाक्य आहे. ‘यू’ वाचताना अजयला वाटते आपल्यालाच म्हटले आहे, आणि पुढच्या ओळीतले ‘प्लीज कन्फर्म’ नेमके कोणासाठी, हे दोघांनाही कळत नाही. अशा वेळी ‘यू’ मायन्यातल्या माणसासाठीच राखून दुसऱ्याचे नाव घ्यावे: ‘आय अॅम कॉपीइंग सुनीता, शी विल कन्फर्म द डेट.’

मराठीत हेच लिहिताना चूक वेगळ्या जागी होते. ‘मी सुनीताताईंना सीसीमध्ये घेतले आहे’ हा भावे प्रयोग आहे. कर्माला ‘ना’ लागल्यामुळे क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनातच राहते. आदरापोटी ‘घेतल्या आहेत’ करू नये. कर्म प्रत्ययाविना आले तर मात्र क्रियापद त्याच्यामागे जाते: ‘मी त्यांना प्रत पाठवली आहे’, ‘अहवाल मार्क केला आहे’. ‘तुम्हाला लूप इन करत आहे’पेक्षा ‘सुनीताताईंनाही या मेलमध्ये घेत आहे’ हे कानाला सरळ लागते, आणि कोणाला घेतले तेही त्यात येते.